खारी बंद केली तर...

समजा, एका बेकरीत पाव, खारी आणि नानकटाई होते. महिन्याची विक्री पाच लाख, नफा 28 हजार. पाव आणि नानकटाई प्रत्येकी 20 हजार कमावतात, खारी मात्र 12 हजारांचा तोटा दाखवते. घरात एकच सूर निघतो: खारी बंद करा.

आधी हा तोटा आला कुठून ते पाहू. खारी दीड लाखाची विकली जाते. तिचा स्वतःचा खर्च 1 लाख 32 हजार, म्हणजे 18 हजार उरतात. पण गाळ्याचं भाडं, भट्टी, हिशेबनिसाचा पगार असा एक लाखाचा सामाईक खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटला, म्हणून खारीच्या माथी 30 हजार आले. विक्रीऐवजी भट्टीच्या तासांवर वाटणी केली असती, तर कदाचित दुसराच पदार्थ तोट्यात दिसला असता. बेकरीचा एकूण नफा तेवढाच राहिला असता.

म्हणून विचारायचं ते इतकंच: उद्या खारी बंद केली, तर कोणता खर्च खरोखर थांबेल? मैदा, वनस्पती तूप, पुडे, खारीसाठीच ठेवलेला कारागीर हे सगळं थांबेल. लाटायच्या मशीनचा सहा हजारांचा घसारा थांबणार नाही, कारण ते पैसे कधीच देऊन झालेत. तो वगळला की 1 लाख 26 हजार. सामाईक 30 हजारांतलं भट्टीचं पाच हजारांचं डिझेल तेवढं वाचेल. गाळामालक काही खारी बंद झाली म्हणून भाडं कमी करणार नाही. वाचले एकूण 1 लाख 31 हजार, गेली दीड लाखाची विक्री. म्हणजे नफा 19 हजारांनी घटून नऊ हजारांवर येईल.

पुढची गंमत आणखी वाईट. उरलेला 95 हजारांचा सामाईक खर्च आता दोघांतच वाटला जाणार. त्यामुळे काल 20 हजार कमावणारा पाव कागदावर जेमतेम दोन हजारांवर येतो, आणि बंद करायच्या यादीत पुढचा नंबर त्याचा लागतो. पदार्थ तेच, गिऱ्हाईक तेच. फक्त ओझं वाहणारे कमी झाले.

तरी खारी कायम ठेवाच, असं हे गणित सांगत नाही. भट्टी दिवसभर भरलेली असेल आणि खारीच्या वेळेत नानकटाई भाजून महिन्याला 19 हजारांहून जास्त उरत असतील, तर खारीने जागा सोडावी. अर्थात तेवढी नानकटाई खपायला हवी. खारी घ्यायला येणारे पावही नेत असतील, तर खारीबरोबर जाणारी पावाची विक्रीही तोट्यात धरावी लागेल. आणि गाळ्याचा करार संपत आला असेल, लहान गाळ्यात भागणार असेल, तर आज न टाळता येणारं भाडं तेव्हा टाळता येईल. तो आकडा धरून हिशेब पुन्हा करायचा, तोही करारावर सही करण्याआधी.