जीभ निळी पडायच्या आधी

पावसाळा ओसरू लागला की सांगली-सोलापूरकडच्या माळरानावर कळपातली एखादी मेंढी मागे राहू लागते. ती लंगडते, घास तोंडात घेऊन टाकून देते आणि तिचे ओठ सुजलेले दिसतात. हा नीलजिव्हा म्हणजेच ब्लू टंग रोग असू शकतो. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातच झाली.

आजारी मेंढीला बाजूला बांधून हा रोग थांबत नाही, कारण तो स्पर्शाने फारसा पसरत नाही. तो पसरवतात क्युलिकॉइड्स नावाची एक ते तीन मिलिमीटरची चिलटे. साध्या मच्छरदाणीतूनही ती आत शिरतात. अंडी घालण्यासाठी मादीला रक्त लागते, आणि अळ्या वाढतात त्या शेण-मूत मिसळलेल्या ओल्या चिखलात. म्हणजे गोठ्यामागचा उकिरडा हेच त्यांचे घर.

गाई-म्हशींच्या रक्तात हा विषाणू कित्येक आठवडे राहतो, पण त्या सहसा आजारी दिसत नाहीत. अशा गाईला चावलेल्या चिलटाच्या अंगात उबदार हवेत आठ-दहा दिवसांत विषाणू वाढतो. मग ते मेंढीला चावले की साधारण आठवडाभराने तिला ताप चढतो. पावसाने चिखल झाला, चिलटे वाढली आणि त्यानंतर हे चक्र फिरले, की रोग दिसायला पावसाळ्याचा उत्तरार्ध उजाडतो. थंडी वाढली की चिलटांमधली विषाणूची वाढ मंदावते आणि साथही ओसरते.

नाव नीलजिव्हा असले तरी निळी जीभ मोजक्याच मेंढ्यांत दिसते. तिची वाट पाहू नये. मेंढीचा ताप एरवी १०२-१०३ फॅरनहाइट असतो, तो १०५ च्या पुढे जातो. तोंडातून लाळ गळते, नाकातला स्राव वाळून खपली धरते. मग पाय उचलून पाहावा. खुराला जिथे कातडी मिळते तिथे लालसर पट्टा दिसतो, तिथे दाबले की मेंढी पाय ओढते. लाळ्या-खुरकूतही असाच वाटतो, पण त्यात तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात आणि सोबतच्या गाईही लाळ गाळतात. खात्री मात्र रक्ताच्या तपासणीनेच होते.

विषाणूवर औषध नाही. आजारी मेंढीला सावलीत ठेवून मऊ चारा आणि पातळ आंबील द्यावी, न्यूमोनिया होऊ नये म्हणून पशुवैद्यकाला दाखवावे. चिलटे चावतात ती मुख्यतः संध्याकाळी आणि पहाटे. तेव्हा मेंढ्यांचा वाडा गोठ्यापासून आणि चिखलापासून दूर, उंच कोरड्या जागी बसवावा.

लस आहे, पण ती टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला काही आठवडे लागतात. शिवाय विषाणूचे अनेक प्रकार असून लस त्यांतल्या काहींवरच चालते. साथ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पावसाळ्याआधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन कळपाला लस टोचून घ्या.