विश्लेषण : लॅन केबल जोडली, पण दिवाच लागत नाही, दोष केबलचा, पोर्टचा की नेटवर्क कार्डचा?

वाय-फाय व्यवस्थित चालते, पण लॅन केबलने जोडलेल्या डेस्कटॉपवर इंटरनेट नाही. अशा वेळी अनेक जण आधी सेटिंग्जमध्ये शिरतात. त्याआधी डेस्कटॉपच्या मागे केबल जिथे बसते, तिथला छोटा दिवा पाहावा. तो बंद असेल, तर तपासाची दिशा बदलते.

हा दिवा नेमके काय सांगतो?

केबलच्या दोन्ही टोकांची उपकरणे तारांवरून एकमेकांना ठरावीक अंतराने विद्युत स्पंद पाठवत असतात. त्यातून वेग ठरला आणि जोडणी झाली की दिवा लागतो. पासवर्ड, आयपी अ‍ॅड्रेस, रिचार्ज या गोष्टींचा संबंध त्यानंतर येतो. प्लॅन संपलेला असला तरी राउटर आणि डेस्कटॉपमधला हा दिवा लागायलाच हवा. म्हणून तो बंद असेल, तर दोष बहुधा केबल, राउटरचा पोर्ट किंवा नेटवर्क कार्ड या तिघांपैकी एकात असतो. काही उपकरणांच्या पोर्टला मात्र दिवाच नसतो. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून पुढची कमांड दिली, तर दिव्याशिवायही स्थिती कळते.

```
Get-NetAdapter
```

Status खाली Disabled दिसले, तर कार्ड विंडोजमध्येच बंद आहे. ते सुरू केले की काम होऊ शकते. Disconnected म्हणजे कार्ड सुरू आहे, पण समोरून प्रतिसाद नाही. कार्डाचे नाव यादीत आलेच नाही, तर ड्रायव्हर किंवा कार्डच संशयित ठरते.

तपास कोणत्या क्रमाने करावा?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. समजा, हॉलमधल्या राउटरपासून बेडरूममधल्या डेस्कटॉपपर्यंत भिंतीतून केबल नेली आहे. आधी तीच केबल राउटरच्या दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये लावावी. दिवा लागला तर पहिला पोर्ट खराब. नाही लागला, तर डेस्कटॉप राउटरजवळ आणून चालू असल्याची खात्री असलेल्या छोट्या केबलने त्याच पोर्टला जोडावा. आता दिवा लागला तर कार्ड आणि पोर्ट दोन्ही ठीक, म्हणजे दोष भिंतीतल्या केबलमध्ये. तरीही लागला नाही, तर छोटी केबल आणि पोर्ट तसेच ठेवून तिथे लॅपटॉप लावावा. लॅपटॉपवर दिवा लागला, तर डेस्कटॉपच्या कार्डाकडे वळावे.

केबलमध्ये काय बिघडते?

केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएस वेगाला १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या चार तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. गंमत अशी, की वेगाची बोलणी मात्र १-२ आणि ३-६ या दोन जोड्यांवरच होते. आपल्या उदाहरणात प्लगजवळ आठवी, तपकिरी तार तुटली असेल, तर दोन्ही उपकरणे गिगाबिटवर सहमत होतात, पण जोडणी पूर्ण होत नाही आणि पुन्हा बोलणी सुरू होते. काही कार्डे आपणहून १०० एमबीपीएसवर उतरतात, काहींचा दिवा बंदच राहतो. हे ओळखण्यासाठी Device Manager मध्ये कार्डाच्या Advanced टॅबवर Speed & Duplex हा पर्याय 100 Mbps Full Duplex करून पाहावा. दिवा लागला, तर ४-५ किंवा ७-८ या जोड्यांवर संशय घ्यावा. तपासणी झाली की पर्याय पुन्हा Auto Negotiation वर ठेवावा. तो तसाच राहिला, तर राउटर आणि कार्ड यांचा मेळ बसत नाही आणि इंटरनेट अडखळत चालते.

केबल टेस्टर असेल, तर केबल दोन्हीकडून काढून त्याच्या दोन भागांत बसवावी. दोन्ही भागांवर १ ते ८ दिवे क्रमाने लागायला हवेत. इथे आठवा दिवा लागणार नाही. बिघाड बहुतेकदा टोकाच्या प्लगमध्येच सापडतो. त्यामुळे प्लग कापून नवा क्रिम्प करणे, हा पहिला उपाय. नव्या प्लगनंतरही आठवा दिवा लागत नसेल, तर दुसऱ्या टोकाचा प्लग बदलावा. त्यानंतरच भिंतीतली केबल बदलण्याचा विचार करावा. टेस्टरला मर्यादा आहे. तार जोडलेली आहे की नाही, एवढेच तो सांगतो. वेगाला ती झेपेल का, हे नाही.

कार्ड गेले असेल तर?

विजांच्या कडकडाटात केबलवाटे आलेला दाब पोर्ट जाळू शकतो, विशेषतः एका इमारतीतून दुसरीकडे उघड्यावरून तांब्याची केबल नेली असेल तर. कार्ड यादीत दिसते, ड्रायव्हरही चालू आहे, पण चांगल्या केबलवर आणि चांगल्या पोर्टवरही दिवा लागत नाही, ही त्याची खूण. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा पोर्ट दुरुस्त करत बसण्याऐवजी यूएसबीला लागणारा इथरनेट अ‍ॅडॅप्टर किंवा वेगळे नेटवर्क कार्ड बसवणे सोपे.

या सगळ्या तपासानंतर दिवा लागला, पण इंटरनेट आले नाही, तर सेटिंग्जमध्ये शिरण्याची वेळ तेव्हा येते.