पन्नासचा प्लॅन, सतराचा वेग : घरच्या इंटरनेटचा हिशेब कसा ठेवावा?

मोर्शीत आता जवळजवळ प्रत्येक गल्लीत विजेच्या खांबावरून काळी फायबरची तार गेलेली दिसते. महिन्याला पाचशे-सहाशे रुपये भरले की घरात वायफाय येते. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दुकानाची देवाणघेवाण, आखातात कामाला गेलेल्या भावाशी किंवा मुलाशी व्हिडिओ कॉल, सगळे त्याच एका तारेवर चालते. पण ‘तुमचे नेट कसे आहे?’ असे कुणाला विचारले तर उत्तर एकच येते, ‘कधी चालते, कधी नाही.’ या उत्तरावर कंपनी काहीच करत नाही, कारण त्यात ना तारीख आहे, ना तास, ना आकडा.

आमच्या घरी मागे आम्ही तीस दिवस एक साधी वही ठेवली. वहीत तीनच गोष्टी लिहिल्या : खरा वेग किती, नेट किती तास बंद आणि तक्रार केल्यावर किती वेळात दुरुस्ती. नाव कोणत्या कंपनीचे, हे इथे महत्त्वाचे नाही. मोजण्याची रीत सगळीकडे तीच आहे.

वेग : कधी आणि कसा मोजावा

आधी एक गैरसमज दूर करू. पत्रकावर ‘५० एमबीपीएस’ लिहिलेले असते, ते मेगाबिट असतात. मोबाइलवर फाइल उतरताना आपण जे एमबी पाहतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ५० चा प्लॅन पूर्ण वेगाने चालला तरी सेकंदाला साधारण सव्वासहा एमबी उतरतील आणि ६०० एमबीच्या फाइलला दीड मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागेल. इतका वेळ लागला तर नेट मंद नाही, ते ठरल्याप्रमाणेच चालले आहे.

वेग मोजायला दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, TRAI MySpeed नावाचे मोफत ॲप आहे. आम्ही दिवसातून तीनदा मोजणी केली : फजरनंतर, दुपारी दोन वाजता आणि रात्री नऊ वाजता. प्रत्येक वेळी दोन मोजण्या केल्या. एक लॅपटॉपला राऊटरची तार थेट जोडून (लॅपटॉपवर ॲप नसल्याने ब्राउजरमध्ये, दररोज त्याच वेग-चाचणीच्या पानावर) आणि दुसरी मागच्या खोलीत मोबाइलवर, वायफायने. मोजताना घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही नेटवरून काढले.

तारेवर फजरनंतर ४६ ते ४८ आणि दुपारी ४० च्या वर वेग मिळाला. रात्री नऊला मात्र तोच वेग १७ ते २० वर यायचा. मागच्या खोलीत वायफायवर दिवसाच्या कोणत्याही वेळी ९-१० च्या पुढे आकडा गेला नाही.

या आकड्यांत दोन वेगळे दोष दिसतात आणि त्यांचे मालकही वेगळे आहेत. मागच्या खोलीचा दोष घरातला आहे. राऊटर समोरच्या बैठकीत, मध्ये दोन जाड भिंती आणि शेजारच्या सहा घरांचे वायफाय त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. राऊटर घराच्या मधोमध उंचावर ठेवल्यावर तिथला वेग अडीच पट झाला. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचे नाव निवडले तर वेग आणखी वाढतो, पण भिंत ओलांडताना तो पट्टा लवकर कमजोर होतो.

रात्रीच्या घसरणीचा मालक कंपनी आहे. घरात दुसरे कुणी नेट वापरत नसताना, थेट तारेवर, सकाळी ४८ आणि रात्री १७ येत असतील, तर आपली तार आणि राऊटर दोन्ही ठीक आहेत. अडचण पुढे आहे. गल्लीतील अनेक घरांची एक सामाईक वाट असते आणि गावातून अमरावतीकडे जाणारी आणखी मोठी वाट असते. रात्री सगळेच व्हिडिओ पाहतात आणि कंपनीने ती वाट पुरेशी रुंद घेतलेली नसते. ही तक्रार ‘नेट स्लो आहे’ अशी करू नये. ‘पंधरा रात्री, नऊ वाजता, तारेवर, ५० च्या प्लॅनवर २० च्या खाली’ अशी करावी. त्यावर ‘राऊटर बंद करून चालू करा’ हे उत्तर चालत नाही.

सरकारच्या व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेग फक्त २ एमबीपीएस लागतो. ही व्याख्या जानेवारी २०२३ मध्ये आली, त्याआधी तो ५१२ केबीपीएस होता. त्यामुळे १७ चा वेग ‘ब्रॉडबँडच नाही’ असा दावा टिकत नाही. आपला मुद्दा प्लॅनमध्ये कबूल केलेल्या वेगाचा आहे. तक्रारीआधी प्लॅनची डेटा मर्यादा संपली का, हेही ॲपमध्ये पाहावे. मर्यादेनंतर वेग कमी करण्याची अट प्लॅनमध्येच लिहिलेली असते.

बंद तास : टक्क्यात फसू नये

तीस दिवसांचे ७२० तास होतात. ‘आमची सेवा ९८ टक्के सुरू असते’ हे ऐकायला छान वाटते, पण दोन टक्के म्हणजे महिन्याला चौदा तासांहून अधिक बंद. म्हणून वहीत टक्के लिहू नयेत, तास लिहावेत.

आमच्याकडे त्या महिन्यात नेट चारदा बंद पडले : तीन तास, दीड तास, साडेपाच तास आणि चौथ्यांदा ७८ तास. एकूण ८८ तास. पहिल्या तिन्ही वेळा लाईट गेलेली होती. घरचा राऊटर इन्व्हर्टरवर सुरू होता, पण केबलवाल्याच्या पेटीतली बॅटरी संपल्यावर गल्लीचेच नेट गेले. हा दोष बॅटरी बदलून सुटतो आणि तसे लेखी मागता येते.

बंद पडल्यावर फोन उचलण्याआधी पेटीवरचे दिवे पाहावेत. LOS लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे तार तुटली, वाकली किंवा पुढचे यंत्र बंद आहे. PON चा हिरवा दिवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर तार शाबूत असून अडचण कंपनीच्या यंत्रणेत किंवा आपल्या खात्यात आहे. तक्रार देताना दिव्याचा रंग सांगितला आणि फोटो काढून ठेवला, तर ‘आधी तपासायला माणूस पाठवतो’ यात एक दिवस वाया जात नाही.

तक्रार : घड्याळ केव्हा सुरू होते

आपल्या भागात नेट गेले की लोक लाइनमनला फोन लावतात. लाइनमन भला माणूस असतो, ‘येतो भाऊ’ म्हणतो. पण त्या फोनला तक्रार क्रमांक नसतो आणि क्रमांक नाही तर कंपनीच्या नोंदीत आपले नेट बंद पडलेलेच नाही. बिलावर परवानाधारक कंपनीचे नाव पाहावे. पैसे गावातला केबलवाला घेत असला तरी जबाबदारी त्या कंपनीची असते. तिच्या टोल फ्री क्रमांकावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवावी आणि एसएमएसने येणारा डॉकेट क्रमांक जपून ठेवावा.

आमचे ७८ तास असे गेले. सोमवारी सकाळी नऊला रस्त्याच्या खोदकामात तार तुटली. अकराला डॉकेट क्रमांक घेतला. बुधवारी संध्याकाळी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा एसएमएस आला, तेव्हा पेटीवर लाल दिवा तसाच होता. त्या तीन दिवसांत दहावीच्या दोन मुलींचे फॉर्म भरण्याची मुदत संपत होती. ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, पहाटे उठून भरावे लागले.

अशा वेळी बहुतेक लोक नवी तक्रार नोंदवतात आणि कंपनीचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. आम्ही जुन्याच क्रमांकावर तक्रार पुन्हा उघडायला सांगितली आणि एसएमएस व लाल दिव्याचा वेळेसह फोटो ठेवला. काही कंपन्या तक्रार बंद करताना ओटीपी मागतात. नेट सुरू होऊन तपासून पाहिल्याशिवाय तो ओटीपी देऊ नये. गुरुवारी दुपारी तीनला नेट आले.

तीन दिवसांची ही रेषा महत्त्वाची आहे. ट्रायचे नवे सेवा-गुणवत्ता नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांत घरगुती तारेच्या जोडणीचा बिघाड तीन दिवसांनंतर दुरुस्त झाला तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. आमची वजावट बिलात आपोआप आली नाही. ग्राहक सेवेने नकार दिल्यावर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अर्ज केला. हे अपील मोफत असते, मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचे असते आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. डॉकेट क्रमांक, दोन तारखा, एक फोटो, एवढाच पुरावा जोडला. चौथ्या आठवड्यात वजावट मंजूर झाली. रक्कम लहान होती, पण गल्लीतल्या आणखी आठ घरांनी त्याच पुराव्याच्या आधारे मागणी केली.

अपिलातही काम झाले नाही तर केंद्रीय तक्रार पोर्टलवर (pgportal.gov.in) दूरसंचार विभागाकडे तक्रार करता येते. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज पाठवून वाट पाहू नये. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

मोबाइलचा नियम मात्र वेगळा आहे. तिथे भरपाई मिळते ती जिल्हा पातळीवर मोठी सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर : पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला मुदतवाढ. आपल्या मोहल्ल्यातला एकच टॉवर दोन दिवस बंद असेल तर ही तरतूद लागू होत नाही. तिथे उपाय कंपनी बदलण्याचा. पण PORT चा संदेश १९०० वर पाठवण्याआधी दुसऱ्या कंपनीचे सिम आठवडाभर आपल्याच घरात, रात्री नऊ वाजता तपासून पाहावे. बाजार चौकातला वेग घरात उपयोगाचा नाही.

वहीवरून निर्णय

महिन्याअखेर वहीने आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. एकदम वर्षाचे पैसे भरून मिळणारी सवलत घ्यायची नाही, कारण पैसे महिन्याचे असतील तरच सोडून जाण्याची ताकद हातात राहते. दुसऱ्या कंपनीची जोडणी घ्यायची नाही, कारण तिची तारही त्याच खांबांवरून, त्याच खोदलेल्या रस्त्याने येते आणि तुटली तर दोन्ही सोबत तुटतील. राखीव सोय म्हणून वेगळ्या कंपनीचे एक मोबाइल सिम ठेवायचे. आणि रात्रीच्या वेगाची लेखी तक्रार पंधरा मोजण्यांसह दिलेली आहे. तिचा डॉकेट क्रमांक वहीच्या पुढच्या पानावर आहे.