बनावट कुलमुखत्यारपत्र आणि पोलीस ठाण्यातील पहिला कागद

इंगोलश्टाटमध्ये मोटारउद्योगात काम करणाऱ्या एखाद्या पुणेकर अभियंत्याला एके दिवशी सोसायटीच्या सचिवांचा फोन येतो, की त्याच्या कोथरूडच्या सदनिकेचा नवा मालक हस्तांतराचा अर्ज घेऊन आला आहे. चौकशीअंती कळते ते असे: त्याच्या नावाचे एक कुलमुखत्यारपत्र तयार झाले, त्यावर त्याची सही आहे, आणि त्या आधारे दुय्यम निबंधकांसमोर खरेदीखत नोंदले गेले. हे उदाहरण कल्पित असले, तरी परदेशस्थ मालकाला ज्या फसवणुकीची धास्ती असते तिचे रूप असेच असते. अशा वेळी पुण्यातील भाऊ पोलीस ठाण्यात जातो आणि बहुधा दोनपैकी एक उत्तर घेऊन परततो: ‘हा दिवाणी वाद आहे’ किंवा ‘एनसी नोंदवली आहे’.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 नुसार पोलीस अशी माहिती नोंदवहीत लिहून तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून त्यांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. दखलपात्र गुन्ह्यात मात्र कलम 173 खाली प्रथम माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवला जातो आणि पोलीस स्वतःच्या अधिकाराने तपासाला लागतात. माहितीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

जर्मनीत राहणाऱ्याला ही विभागणी अपरिचित वाटते. तेथे काही किरकोळ गुन्ह्यांसाठी पीडिताचा औपचारिक अर्ज लागतो. पण दस्तऐवजाच्या बनावटीची फिर्याद आली, की पोलिसांना तपास करावाच लागतो. भारतात मात्र कोणता गुन्हा कोणत्या वर्गात, हे संहितेच्या पहिल्या अनुसूचीतील तक्ता ठरवतो, आणि तो तक्ता अंदाजाने वाचता येत नाही. गुन्हा गंभीर म्हणजे दखलपात्र, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मौल्यवान रोख्याची, किंवा पैसे वा मालमत्ता स्वीकारण्याचा अधिकार देणाऱ्या दस्तऐवजाची बनावट (भारतीय न्याय संहिता, कलम 338) जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र असूनही सामान्यतः अदखलपात्र आहे, आणि तरीही अजामीनपात्र आहे. दखल आणि जामीन या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

म्हणून तक्रारीत ‘खोटी कागदपत्रे केली’ एवढेच लिहिले, तर ती साध्या बनावटीत, म्हणजे अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्ह्यात, जाऊन बसण्याचा धोका असतो. फसवणुकीच्या हेतूने केलेली बनावट, कलम 336 (3), आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे, कलम 340 (2), हे दोन्ही दखलपात्र आहेत. एका प्रकरणातील अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला, तरी कलम 174 नुसार सारे प्रकरण दखलपात्र धरले जाते. तेव्हा कलम 338 चाही तपास पोलीस करू शकतात. सगळा भार तपशिलावर येतो: सही माझी नाही, हा कागद अमुक तारखेला अमुक कार्यालयात खरा म्हणून सादर झाला, त्या आधारे अमुक व्यक्तीने खरेदीदाराकडून पैसे घेतले.

हे ‘सही माझी नाही’ वाक्य टाळू नये. कोणी मालकाच्या नावाने सही न करता, ती सदनिका आपलीच असल्याचे सांगून स्वतःच्या नावाने विकली असेल, तर ती बनावट ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मोहम्मद इब्राहिम प्रकरणात म्हटले आहे. तेथे फसवणुकीची फिर्याद प्रामुख्याने खरेदीदाराची असते.

सहीचा पुरावा पासपोर्टात असू शकतो. कुलमुखत्यारपत्र पुण्यात सही झाल्याचे दाखवत असेल आणि त्या दिवशी मालक बायर्नमध्ये असेल, तर प्रवेश-निर्गमनाचे शिक्के आणि कंपनीचा हजेरीपट बोलतात. ते जर्मनीत झाल्याचे दाखवत असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम 33 नुसार त्यावर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्याचे प्रमाणन हवे. दूतावासाचा शिक्का असल्यास म्युनिकमध्ये विचारणा करता येते. एफआयआर मात्र दूतावास नोंदवत नाही.

जामिनाचे महत्त्व पुढच्या टप्प्यावर कळते. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो आणि पोलीस ठाण्यातच तो मिळू शकतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन नाहीच असे नव्हे. तेथे तो न्यायालयाच्या विवेकावर असतो आणि अटींसह मिळतो. बनावट दस्तऐवज वापरण्याचा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. एफआयआरमध्ये तेवढेच कलम राहिले, तर आरोपी त्याच दिवशी मोकळा होऊ शकतो, आणि मूळ कागद अजून त्याच्याच हाती असतात.

ईमेलने किंवा ऑनलाइन पाठवलेली माहिती देणाऱ्याने तीन दिवसांत स्वाक्षरी केल्यावरच नोंदीवर घेतली जाते. इंगोलश्टाटहून हे अवघड असल्याने वस्तुस्थिती माहीत असलेल्या नातलगाने ठाण्यात जाणे सोयीचे. ठाण्याने नकार दिल्यास तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे, पुणे शहरात पोलीस उपायुक्तांकडे, पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. त्यानंतरच शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बनावट 1 जुलै 2024 पूर्वीची असेल, तर जुन्या दंड संहितेची कलमे 467, 468 आणि 471 लागतात. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती हाती आली, की कथन वाचण्याआधी कलमांची ओळ पाहावी.