बायकोच्या नावाचं दुकान, नवऱ्याची सही

सरकारी नोकरी सांभाळून चार पैसे जास्त मिळवायचे झाले, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘सगळं बायकोच्या नावावर कर.’ विमा एजन्सी असो, प्लॉटिंग असो की खतांचं दुकान, कागदावर नाव तिचं आणि धावपळ त्याची. हा सल्ला देणारे बहुतेक जण त्याच कार्यालयातले जुने सहकारी असतात, म्हणून तो खरा वाटतो. प्रत्यक्षात नियम करणाऱ्यांनी ही पळवाट फार पूर्वीच ओळखली होती आणि नियमातच तिचा बंदोबस्त केला होता.

आधी आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते पाहावं. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी 1967चे वेगळे वर्तणूक नियम आहेत, तर केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964चे. महामंडळं, महापालिका, बँका यांची आपापली सेवा विनियमावली असते. आशय बराचसा सारखा असला, तरी परवानगी कोण देतं, कळवायचं कधी आणि कोणत्या नमुन्यात, यात फरक पडतो. त्यामुळे शेजारच्या खात्यातल्या मित्राला चाललं म्हणून आपल्यालाही चालेल, असं धरून चालू नये.

राज्याच्या नियमांत सगळ्यात महत्त्वाचा नियम 16वा. शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कोणताही व्यापार, धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. यातला ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द बरंच काही सांगून जातो. पत्नी किंवा कुटुंबातलं कुणी चालवत असलेल्या विमा एजन्सीसाठी, कमिशन एजन्सीसाठी कर्मचाऱ्याने स्वतः गिऱ्हाइकं गोळा केली, तर तोही नियमभंगच, असं स्पष्टीकरण त्याच नियमात दिलं आहे. कुटुंबातलं कुणी व्यापार-धंदा करत असेल, तर तसं शासनाला कळवायचं, हेही तिथेच लिहिलं आहे. म्हणजे पत्नीने धंदा करू नये असं नियम म्हणत नाही. तो तिचा हक्क आहे आणि त्यावर नवऱ्याच्या नोकरीने गदा आणावी, असं कुणीच म्हणू नये. नियमाचं म्हणणं एवढंच, की धंदा तिचा असेल तर तो खरोखर तिचाच असू द्या आणि कार्यालयाला तो माहीत असू द्या.

पण एवढं केलं तरी अर्धंच काम झालं. परवानगी हा एक प्रश्न आणि हितसंबंध हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. हे नीट कळावं म्हणून एक कल्पित, पण कुठल्याही तालुक्यात घडू शकेल असं उदाहरण घेऊ.

एक कृषी पर्यवेक्षक आहेत. पत्नी कृषी पदविकाधारक, हुशार आणि उमेद असलेली. तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र काढायचं, बियाणं, खतं, औषधं ठेवायची आणि पुढे ठिबक सिंचनाची डीलरशिप घ्यायची, असा तिचा बेत आहे. पात्रता तिची आहे, परवाने तिच्याच नावाने निघतील. वरवर पाहता अडचण काहीच नाही.

आता एका शेतकऱ्याच्या ठिबकच्या अनुदानाचा प्रवास पाहा. शेतकरी महाडीबीटीवर अर्ज करतो, त्याला पूर्वसंमती मिळते, तो डीलरकडून संच घेतो आणि बिल अपलोड करतो. मग कृषी खात्याचा माणूस शेतावर जाऊन मोका तपासणी करतो: संच खरंच बसला आहे का, बिलात लिहिलेलं साहित्य शेतात आहे का, क्षेत्र जुळतं का. त्या अहवालानंतर अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात येतं. बिल पत्नीच्या दुकानाचं आणि तपासणीवर सही नवऱ्याची, असं झालं, तर तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याचा अहवाल कुणी मानायचा? दुसऱ्या दुकानातून संच घेणाऱ्या शेतकऱ्याच्या तपासणीला आठ दिवस उशीर झाला, तर तो काय समजेल? उशिराचं कारण पाऊस असेल, पण तालुक्यात बोललं जाईल ते वेगळंच. शिवाय खत-बियाण्याच्या दुकानांना परवाना देणं, त्यांचे साठे तपासणं, नमुने काढणं हे सगळं याच खात्याकडे असतं. पत्नीच्या दुकानातला नमुना काढायला येईल तो नवऱ्याचाच सहकारी.

म्हणून नाव कुणाचं आहे यापेक्षा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. हा पैसा ज्याच्याकडून येणार, त्याच्या एखाद्या कागदावर माझी सही, शिफारस, तपासणी किंवा नुसतं टिपण लागतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो धंदा त्या जागी, त्या तालुक्यात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, मग परवानगी मिळण्यासारखी असली तरी. या दांपत्यासमोर दोन मार्ग उरतात. दुकान नवऱ्याच्या कार्यक्षेत्राबाहेर काढायचं. ते शक्य नसेल, तर पत्नीच्या केंद्राशी संबंधित एकही प्रकरण आपल्याकडे देऊ नये, अशी लेखी विनंती वरिष्ठांना करायची आणि शक्यतो बदली मागायची. ठिबकच्या बाबतीत मला पहिलाच मार्ग योग्य वाटतो, कारण तालुक्यातली माणसं मोजकीच असतात आणि सहकाऱ्याने केलेली तपासणीही लोकांच्या नजरेत स्वच्छ राहत नाही.

दुसरी तपासणी पैशाची. दुकानासाठी सहा लाख लागणार असतील, तर ते कुठून येणार? पत्नीची बचत, तिच्या नावाचं बँक कर्ज, सोनेतारण कर्ज, यातलं काहीही चालेल, फक्त त्याचा माग कागदावर दिसला पाहिजे. नवऱ्याने घरदुरुस्तीचं कारण देऊन भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढला आणि तो दुकानात घातला, तर अग्रिमाच्या अर्जावरचं ते खोटं कारणच पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा ठरेल. याहून नाजूक बाब उधारीची आहे. खताचा वितरक म्हणतो, ‘माल न्या, पैसे हंगाम संपल्यावर द्या.’ व्यापारात हे रोजचंच. पण ज्याच्याशी आपला कार्यालयीन संबंध येतो किंवा येऊ शकतो, त्याच्याकडून स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत कर्ज घेण्याला, त्याच्या आर्थिक उपकाराखाली येण्याला वर्तणूक नियमांत मनाई आहे. इतर दुकानदारांना पंधरा दिवसांची मुदत आणि या दुकानाला सहा महिन्यांची, असं दिसलं, तर ती सवलत बाईंच्या दुकानाला मिळाली की साहेबांच्या खुर्चीला, हा प्रश्न चौकशीत विचारला जाणारच. अशी सवलत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेतही जाऊ शकते.

तिसरी गोष्ट रोजच्या वागण्याची. दुकानाच्या फलकावर कुणाचा मोबाइल नंबर आहे? क्यूआर कोडवरून पैसे कुणाच्या खात्यात जातात? कंपनीचा प्रतिनिधी ऑर्डर घ्यायला दुकानात जातो, की तालुका कृषी कार्यालयात येऊन बसतो? शेतकरी मेळाव्यात साहेब एकाच कंपनीच्या औषधाचं नाव वारंवार घेतात का? तक्रार झाली की चौकशी अधिकारी नेमकं हेच पाहतो. परवान्यावरचं नाव तो एकदाच वाचतो, बँकेचं विवरणपत्र आणि फोनच्या नोंदी मात्र पुन्हा पुन्हा.

मग कळवायचं कसं? साहेबांच्या कानावर घातलं, ते ‘हरकत नाही’ म्हणाले, याला काडीचीही किंमत नाही. साहेब बदलून जातात. अर्ज लेखी असावा, योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयप्रमुखांमार्फत सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावा. पत्नीचं नाव, धंद्याचं स्वरूप, जागा, भांडवल कुठून आलं आणि आपल्या कामाशी त्याचा कुठे संबंध येऊ शकतो, हे त्यात सरळ लिहावं. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास गाळतात, पण अर्जाचा जीव त्यातच आहे. संबंध लपवून मिळवलेली परवानगी संकटात कामी येत नाही. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्यावी आणि ती घरी जपून ठेवावी. स्वतः काही करायचं असेल, तर लेखी मंजुरी हाती येईपर्यंत सुरुवात करू नये. उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला, असं मानण्यात धोका आहे.

‘मी तर कर भरतो’ हाही एक भाबडा समज. कमिशनवर कापलेला कर पॅन क्रमांकासह प्राप्तिकराच्या वार्षिक विवरणात उमटतो. त्यामुळे उत्पन्न लपत नाही, आणि कर भरला म्हणून धंद्याला परवानगीही मिळत नाही. उलट, परवानगी नसताना विवरणपत्रात दाखवलेलं धंद्याचं उत्पन्न हा आपल्याच सहीचा कबुलीजबाब ठरतो.

बाकीच्या मार्गांबद्दल थोडक्यात. शेअर घेऊन ठेवायला बंदी नाही, पण नियम 17 सट्ट्याला मनाई करतो आणि वारंवार खरेदी-विक्री म्हणजे सट्टाच, असं मानतो. रोजचं इंट्राडे आणि फ्युचर्स-ऑप्शन्स त्यात सरळ बसतात. शाळेतल्या शिक्षकांसाठी शिकवणीचा प्रश्न 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28नेच मिटवला आहे: खाजगी शिकवणी घ्यायची नाही. लेखन, कला, विज्ञान यांतलं प्रासंगिक काम, तसंच मानद समाजकार्य, कार्यालयीन कामाला बाधा येत नसेल तर पूर्वमंजुरीशिवाय करता येतं. इथे ‘प्रासंगिक’ या शब्दाकडे नीट लक्ष द्यावं. दिवाळी अंकात कथा लिहिणं वेगळं आणि जाहिरातींचं उत्पन्न घेत दर आठवड्याला चॅनल चालवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी आधी विचारलेलं बरं. मानधन मिळणार असेल, तर ते पूर्ण ठेवता येतं की त्यातला काही भाग शासनाकडे भरायचा असतो, हेही आस्थापना शाखेत विचारून घ्यावं.

आणि हे सगळं न करता धंदा केला तर? सुरुवात बहुधा एखाद्या प्रतिस्पर्धी दुकानदाराच्या तक्रारीने किंवा माहिती अधिकारातल्या अर्जाने होते. मग कारणे दाखवा नोटीस, दोषारोपपत्र, विभागीय चौकशी. वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा शिस्त व अपील नियमांत आहेत. कायद्याने ज्याला व्यापाराची मनाई आहे, अशा लोकसेवकाने व्यापार केला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 202 खाली गुन्हाही ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा सामुदायिक सेवा अशी शिक्षा होऊ शकते. चौकशी निवृत्तीपर्यंत रेंगाळली, तर तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू होतं, पण उपदानाची रक्कम निकाल लागेपर्यंत अडकून पडते. त्या रकमेवर मुलीचं लग्न किंवा घराचं कर्ज अवलंबून असलेली घरं थोडी नाहीत.

त्या पर्यवेक्षकांनी दुकान शेजारच्या तालुक्यात काढलं, अर्ज दिला, पोच घेतली, असं धरू. दोन वर्षांनी त्यांची बदली नेमकी त्याच तालुक्यात झाली, तर जुनी पोच पुरत नाही. ज्या अर्जात ‘माझ्या कामाशी संबंध येत नाही’ असं लिहिलं होतं, त्यातलं ते वाक्य आता खरं उरलेलं नाही. त्यांनी रुजू होण्याच्या दिवशीच नवा अर्ज द्यायला हवा.