पडद्यावर जागच्या जागी, कक्षेत मात्र भरकटलेला

भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवर फिरतो. पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्यामुळे जमिनीवरून तो एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. समजा, अशा एका उपग्रहाचे सगळे थ्रस्टर निकामी झाले आणि फक्त पृथ्वीच्या दिशेने किंवा उलट्या दिशेने ढकलणारा एक शिल्लक राहिला. मोजमापही एकच मिळतं, ते म्हणजे केंद्रापासूनचं अंतर. एवढ्या भांडवलावर उपग्रह सांभाळता येईल का?

या जातीच्या प्रश्नांना नेमकं उत्तर देण्याची रीत रुडॉल्फ कालमान यांनी घालून दिली. बुडापेस्टमध्ये १९३० साली जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या या गणितज्ञाने १९६० साली मॉस्कोच्या परिषदेत नियंत्रणीयता आणि निरीक्षणीयता या दोन कल्पना मांडल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवलं, की कोणतंही रेषीय प्रतिमान चार भागांत फोडता येतं: हलवता येतो आणि दिसतो तो भाग, हलतो पण दिसत नाही तो, दिसतो पण हलत नाही तो, आणि ज्याला हातही पोचत नाही, नजरही पोचत नाही तो.

उपग्रहाची स्थिती सांगायला सहा संख्या लागतात. अंतरातला फरक आणि तो बदलण्याचा वेग, कक्षेतल्या कोनातला फरक आणि त्याचा वेग, शिवाय कक्षेच्या पातळीबाहेरचं उत्तर-दक्षिण सरकणं आणि त्याचा वेग. फरक लहान असतील तर समीकरणं रेषीय धरता येतात.

आता थ्रस्टरची पोच तपासायची. ढकललं, की आधी आत-बाहेरचा वेग बदलतो. त्या वेगामुळे अंतर बदलतं आणि त्याबरोबर कोनाचा वेगही. त्यातून पुढे कोन सरकतो. या तीन वेगवेगळ्या दिशा झाल्या. चौथ्या पायरीला मात्र नवीन काही हाती लागत नाही, दुसऱ्या पायरीचीच दिशा उलट्या चिन्हाने परत येते. पातळीतल्या चार संख्यांपैकी तीनच दिशांना हात पोचतो. निसटलेली चौथी राशी म्हणजे कोनीय संवेग. कारण भौतिकशास्त्राचं आहे: थेट केंद्राच्या रेषेत दिलेला धक्का पिळा देत नाही, त्यामुळे कोनीय संवेग जसाच्या तसा राहतो. गणिताच्या कोष्टकातून न्यूटनचा जुना नियम असा अचानक बाहेर पडतो, हे पाहण्यासारखं आहे.

नजरेचा हिशेब याच्या उलट निघतो. अंतराच्या नोंदींवरून आत-बाहेरचा वेग कळतो, कोनीय संवेगही ताडता येतो. पण उपग्रह कोणत्या रेखांशावर आहे, याचा मागमूस त्या नोंदींत नसतो, कारण वर्तुळाकार कक्षेत सगळे रेखांश सारखेच.

तेव्हा वाटणी अशी होते. अंतर आणि त्याचा वेग, दोन्ही हातात आणि नजरेत. कोन हातात, पण नजरेआड. कोनीय संवेग दिसतो, पण हलत नाही. उत्तर-दक्षिण सरकण्याच्या दोन्ही संख्या पूर्ण बाहेर. थ्रस्टरचा धक्का आणि अंतराची नोंद यांचा एकमेकांशी संबंध मांडणारं सूत्र काढलं, तर त्यात फक्त पहिला भाग उरतो. सहा संख्यांचा उपग्रह तिथे दोन संख्यांचा होऊन बसतो.

यातून घोळ कसा होतो ते पाहा. उपग्रह १ किलोमीटर जास्त उंचीच्या वर्तुळावर गेला आहे असं धरू. तसाच सोडला तर तो दररोज सुमारे ०.०१२८ अंश पश्चिमेला सरकेल. आता नियंत्रकाने आतल्या बाजूने सतत रेटत अंतर बरोबर ४२,१६४ वर आणून ठेवलं. पडद्यावर त्रुटी शून्य. पण कोनीय संवेग जादाचाच आहे, म्हणून उपग्रह आता रोज साधारण ०.००४३ अंश पूर्वेला सरकतो. तेवीस-चोवीस दिवसांत ०.१ अंश, म्हणजे ७० किलोमीटरहून जास्त, आणि अंतराच्या आलेखाला त्याची गंधवार्ता नाही. इंधनही फुकट जातं: हा रेटा रोज सेकंदाला ४६ सेंटिमीटर इतका वेग बदलण्याएवढा असतो. हाच फरक कक्षेच्या दिशेने ढकलणाऱ्या थ्रस्टरने काढायचा, तर एकूण सेकंदाला ३.६ सेंटिमीटरचा बदल पुरतो, तोही एकदाच.

तो थ्रस्टर शिल्लक असता, तर एकट्याने पातळीतल्या चारही संख्या हाताळल्या असत्या. मोजमापात अंतराऐवजी कोन मिळाला असता, तरी चारही उलगडल्या असत्या. उत्तर-दक्षिणेचा भाग मात्र तरीही वेगळाच राहतो. सूर्य-चंद्राच्या ओढीने कक्षेचा कल दर वर्षी एक अंशाच्या आसपास वाढतो आणि त्यासाठी वेगळा थ्रस्टर लागतोच.

कालमानची कसोटी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते, ही तिची मर्यादा. शिल्लक राहिलेला थ्रस्टर कक्षेच्या पातळीत एका अंशाने तिरका बसलेला असेल, तर त्याच्या धक्क्याचा पावणेदोन टक्के भाग कक्षेच्या दिशेने जातो. मग कागदावर कोनीय संवेगही ‘नियंत्रणीय’ ठरतो. पण ते ३.६ सेंटिमीटर मिळवायला त्याला सेकंदाला दोन मीटरइतका धक्का द्यावा लागतो, आणि उरलेला जवळजवळ सगळा जोर अंतर बिघडवण्यात जातो. म्हणून अभियंते कसोटीचं उत्तर आलं तरी तिथे थांबत नाहीत. प्रत्येक दिशेला किती इंधन लागेल, हा हिशेब ते वेगळा मांडतात.