त्रिकोण नाही, तरी रंग पुरत नाहीत

कागदावर काही बिंदू काढा आणि त्यांतल्या काही जोड्या रेषांनी जोडा. गणितात अशा आकृतीला आलेख म्हणतात. आता प्रत्येक बिंदूला एक रंग द्यायचा, पण रेषेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग येता कामा नये. कमीत कमी किती रंग लागतील?

तीन बिंदू एकमेकांना जोडून त्रिकोण झाला की तीन रंग लागणारच. दहा बिंदूंपैकी प्रत्येक जण उरलेल्या नऊंना जोडलेला असेल, तर दहा रंग लागतील. म्हणून साहजिकच वाटतं, की पुष्कळ रंग लागत असतील तर आकृतीत कुठेतरी सगळे एकमेकांचे शेजारी असलेला घोळका असणार. हा समज खोटा आहे. आकृतीत एकही त्रिकोण नाही, म्हणजे कोणत्याही बिंदूचे दोन शेजारी आपसांत जोडलेले नाहीत, आणि तरीही शंभर रंग पुरत नाहीत, असा आलेख बनवता येतो. तो बनवण्याची सर्वांत देखणी रीत पोलंडच्या यान मिचिएल्स्की यांनी १९५५ साली दिली. तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. त्यांच्याआधीही काही गणितज्ञांनी असे आलेख रचले होते, पण या रीतीइतकी सुटसुटीत रचना मला दुसरी माहीत नाही.

रीत अशी. हातात त्रिकोण नसलेला एक आलेख घ्या. त्यातल्या प्रत्येक बिंदूचा एक जुळा नवा काढा. क या बिंदूचे जे शेजारी, त्या मूळ बिंदूंनाच क चा जुळा जोडा. खुद्द क ला मात्र जोडू नका, आणि जुळ्यांना आपसांतही जोडू नका. शेवटी एक केंद्र काढा आणि ते सगळ्या जुळ्यांना जोडा. एवढंच. त्रिकोण नवा येत नाही, पण लागणारे रंग बरोबर एकाने वाढतात.

अगदी लहान आलेखापासून सुरुवात करू. दोन बिंदू, क आणि ख, आणि त्यांना जोडणारी एक रेषा. इथे दोन रंग लागतात. क चा जुळा ख ला जोडला, ख चा जुळा क ला जोडला आणि दोन्ही जुळे केंद्राला जोडले. आता बोट फिरवून पाहा: क, ख, क चा जुळा, केंद्र, ख चा जुळा आणि परत क. पाच बिंदूंचं एक कडं, म्हणजे पंचकोन तयार झाला. त्यात त्रिकोण नाही आणि दोन रंगही पुरत नाहीत. लाल, निळा, लाल, निळा असं करत पाचव्या बिंदूशी आलो की त्याच्या एका बाजूला निळा असतो, दुसऱ्या बाजूला लाल. तिसरा रंग घ्यावाच लागतो.

आता याच पंचकोनावर तीच रीत पुन्हा चालवू. बिंदूंना क्रमाने क, ख, ग, घ, च म्हणू. पाच जुळे आतल्या बाजूला आणि मधोमध केंद्र, असे ११ बिंदू होतात. रेषा २०: पंचकोनाच्या ५, जुळ्यांपासून मूळ बिंदूंकडे जाणाऱ्या १० आणि केंद्राच्या ५. हा ग्रोट्श आलेख म्हणून प्रसिद्ध आहे.

तो तीन रंगांत रंगवून पाहू. क लाल, ख निळा, ग लाल, घ निळा, च हिरवा. पंचकोन बिनचूक रंगला. क च्या जुळ्याचे मूळ शेजारी ख आणि च, म्हणजे निळा आणि हिरवा. त्यामुळे तो लालच होऊ शकतो. घ चा जुळा लाल ग आणि हिरव्या च च्या मध्ये सापडतो, म्हणून निळा. च चा जुळा निळ्या घ आणि लाल क ला जोडलेला, म्हणून हिरवा. तिन्ही रंग जुळ्यांमध्ये आले, आणि केंद्र तर सगळ्या जुळ्यांचं शेजारी. त्याला चौथा रंग हवा.

पण ही झाली रंगवण्याची एक तऱ्हा. दुसऱ्या एखाद्या तऱ्हेने तीन रंग पुरले तर? मिचिएल्स्की यांचा खरा युक्तिवाद इथे येतो. समजा, तीन रंगांत सगळं बसलं आणि केंद्र लाल झालं. मग एकही जुळा लाल नसणार. आता पंचकोनातले जे बिंदू लाल असतील, त्यांचा लाल रंग काढा आणि प्रत्येकाला त्याच्या जुळ्याचा रंग द्या. यात कुठे भांडण होईल का? ज्यांचा रंग बदलला ते सगळे आधी लाल होते, म्हणजे ते आपसांत जोडलेले नाहीतच. राहिले त्यांचे इतर शेजारी. पण ते जुळ्याचेही शेजारी आहेत, त्यामुळे जुळ्याचा रंग त्यांच्यापेक्षा आधीच वेगळा आहे. म्हणजे पंचकोन निळ्या आणि हिरव्या अशा दोनच रंगांत रंगला. ते तर अशक्य आहे. तेव्हा तीन रंगांचं गृहीतच चुकीचं.

या युक्तिवादात पंचकोन असण्याला काहीच महत्त्व नाही. कोणताही आलेख घेतला तरी तो जसाच्या तसा चालतो: नव्या आलेखाला जुने रंग पुरले असते, तर जुन्याचं काम एक रंग कमी घेऊनच भागलं असतं. आणि एका वाढीव रंगात नेहमी भागतं, कारण प्रत्येक जुळ्याला त्याच्या मूळ बिंदूचाच रंग देता येतो आणि नवा रंग एकट्या केंद्राला पुरतो.

या रचनेत काहीही हलवता येत नाही, हे मला फार आवडतं. जुळा आपल्या मूळ बिंदूला जोडला, तर त्या दोघांचा समाईक शेजारी मिळून त्रिकोण होतो. दोन जुळे एकमेकांना जोडले, तर केंद्रासह त्रिकोण होतो. जुळे वगळून केंद्र थेट मूळ बिंदूंना जोडलं, तर प्रत्येक जुन्या रेषेवर त्रिकोण उभा राहतो. केंद्र वगळलं, तर जुळे मूळ रंग घेऊन मोकळे होतात आणि नव्या रंगाची गरजच पडत नाही. जुळ्यामुळे त्रिकोण का येत नाही, तेही असंच दिसतं. क चा जुळा आणि दोन मूळ बिंदू यांचा त्रिकोण झाला असता, तर ते दोन बिंदू क चेही शेजारी असल्यामुळे क सह त्रिकोण आधीच असता.

पायऱ्या चढत गेलं की आकृती झपाट्याने फुगते, कारण दर खेपेला बिंदू दुप्पट होऊन वर एक वाढतो: २, ५, ११, २३, ४७. चार रंगांसाठी ११ पेक्षा कमी बिंदूंत त्रिकोणाविना काम होतच नाही, आणि ११ बिंदूंत ग्रोट्श आलेखाशिवाय दुसरा पर्याय नाही, हे वाशेक ख्वाताल यांनी १९७४ साली सिद्ध केलं. पुढच्या पायरीवर मात्र ही रीत सर्वांत काटकसरीची राहत नाही. पाच रंगांसाठी ती २३ बिंदू घेते, पण २२ बिंदूंत भागतं.

तिची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. क चे दोन शेजारी घ्या. ते दोघे क ला जोडलेले असतात आणि क च्या जुळ्यालाही, म्हणजे चार बिंदूंचं एक कडं तयार होतं. त्रिकोण टाळले तरी चौकोन येतातच. चौकोन, पंचकोन अशी सगळी लहान कडी टाळूनही रंग हवे तेवढे वाढवता येतात का? पॉल एर्डोश यांनी १९५९ साली याचं उत्तर होकारार्थी दिलं, पण प्रत्यक्ष आलेख न दाखवता. बिंदूंच्या जोड्या यदृच्छेने जोडल्या, तर जी थोडी लहान कडी येतील ती मोडूनही रंगांची गरज टिकून राहते, असं त्यांनी संभाव्यतेच्या आधारे दाखवलं. असे आलेख टप्प्याटप्प्याने रचून दाखवण्याचं काम लास्लो लोवास यांनी १९६८ साली केलं.